लिंक्डइनवर गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांना पाठवायची ओळखीची चिठ्ठी: साचेबद्ध वाटते, कशी बदलू?

गोदाकाठ

मंडळी, मदत हवी आहे. मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये चार हंगाम गुणवत्ता तपासणीचं काम करतोय. नाशिककडच्याच दुसऱ्या एका निर्यातदाराकडे गुणवत्ता निरीक्षकाची जागा निघाली आहे. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर परवाच भरला. ही जागा ज्यांच्या हाताखाली आहे त्या मॅडम लिंक्डइनवर आहेत आणि नियमित लिहितात, बऱ्याचदा मराठीतच. त्यांना जोडणीची विनंती पाठवायची आहे, सोबत चिठ्ठी लिहून. माझं खातं फुकटवालं आहे, त्यामुळे २०० अक्षरांची मर्यादा आहे. मी हे लिहिलंय:

> नमस्कार मॅडम, आपले प्रोफाइल पाहून मी अत्यंत प्रभावित झालो. आपल्या नामांकित संस्थेत योगदान देण्यास मी उत्सुक आहे. माझ्या अनुभवाचा आपणास नक्कीच फायदा होईल. कृपया कनेक्ट करावे ही विनंती.

पेटीखालचा आकडा १८३ दाखवतो, म्हणजे बसतंय. पण अशाच दोन चिठ्ठ्या आधी दोन ठिकाणी पाठवल्या होत्या आणि दोन्हीकडून काहीच आलं नाही. काल बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय असं वाटतच नाही." तिचं म्हणणं मला पटतं. पण बदलायचं नेमकं काय, ते कळत नाही. या जागेसाठी मनापासून इच्छा आहे, म्हणून घाई न करता विचारतोय.

उंबरठा

माझ्या भावाने बँकेत अर्ज करताना दोन पानी पत्र जोडलं होतं. त्यात शिक्षण, अनुभव, छंद असं सगळं क्रमाने होतं, आणि त्याला बोलावणं आलं. तुम्हीही सविस्तर लिहा. दोनशे अक्षरांत माणूस कसा कळणार? पत्राची पीडीएफ जोडून पाठवा.

गोदाकाठ

ताई, ते अर्जासोबतचं पत्र झालं, ते मी अर्जात जोडलंय. हे वेगळं आहे. जोडणीच्या विनंतीला काही जोडता येत नाही, फक्त तेवढ्या पेटीत लिहायचं.

सुगीचे_दिवस

भाऊ, मी पुण्यात विक्रीत आहे, रोज अशा विनंत्या पाठवतो. तुमची चूक एवढीच की चिठ्ठीत त्या मॅडमबद्दल काहीच नाही. त्यांची एखादी पोस्ट शोधा, तिचं कौतुक करा, आणि शेवटी दहा मिनिटं फोनवर बोलायची वेळ मागा. असं:

> नमस्कार मॅडम, आपली पोस्ट खूप आवडली, खूप शिकायला मिळालं. मी याच क्षेत्रात काम करतो. आपल्याशी दहा मिनिटं बोलायला मिळाल्यास आभारी राहीन.

रानवारा

मी सांगलीकडे अन्नप्रक्रियेच्या एका कारखान्यात गुणवत्ता बघते. गेली काही वर्षं माझ्या विभागातली माणसं मीच निवडते, त्यामुळे अशा चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

मी विनंत्या बहुधा फोनवर बघते, दुपारच्या चहाला. यादीत फोटो, नाव आणि नावाखालची ओळ दिसते. त्याखाली चिठ्ठीचा सुरुवातीचा भाग, आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणजे गोदाकाठ, तुम्ही कुठे आणि काय काम करता हे नावाखालच्या ओळीतून मला आधीच कळलेलं असतं. चिठ्ठीत ते पुन्हा आलं तर जागा वाया गेली. आणि पहिली ओळ "प्रोफाइल पाहून प्रभावित झालो" अशी असेल तर मी पुढे वाचत नाही, कारण त्याच ओळीच्या चिठ्ठ्या त्याच आठवड्यात आणखी आलेल्या असतात.

सुगीचे दिवस, तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, त्या माणसाने काय लिहिलंय तिथूनच सुरुवात करायची. पण "पोस्ट खूप आवडली" ही ओळ कोणती पोस्ट हे न सांगता कुणालाही लावता येते. मला अशी चिठ्ठी आली की वाटतं, यांनी पोस्ट वाचलेलीच नाही. आणि फोनच्या दहा मिनिटांबद्दल सांगायचं तर अनोळखी माणसाने पहिल्याच चिठ्ठीत वेळ मागितला की मी विनंती तशीच ठेवून देते. नाकारत नाही, पण स्वीकारतही नाही.

गोदाकाठ, मला एवढंच सांगा. त्या मॅडमची तुम्ही खरोखर वाचलेली शेवटची पोस्ट कोणती? आणि ती वाचताना तुमच्या मनात काय आलं? चिठ्ठीची भाषा नंतर बघू.

गोदाकाठ

ताई, ती पोस्ट चांगली आठवते. जानेवारीत टाकली होती. काढणी झाल्यावर क्रेट बागेतच उन्हात पडून राहिले की देठातलं पाणी उडतं. माल गार करायला प्रीकूलिंगला जाईपर्यंत देठ हिरवा दिसतो, पण चार दिवसांनी तपकिरी पडतो. मग शीतगृहाला दोष दिला जातो, चूक मात्र बागेत झालेली असते. असा मुद्दा होता.

वाचताना अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे आदल्याच हंगामात हेच झालं होतं. दिंडोरीकडच्या एका प्लॉटचा माल सकाळी काढला, पण गाडी उशिरा आली आणि क्रेट दुपारी एकला पॅकहाऊसला पोचले. त्या दिवशी तपासणीत मी तो पास केला, कारण मण्याला काही नव्हतं आणि देठही हिरवा होता. नंतर तो माल देठावरून नाकारला गेला. त्यानंतर मी एक पद्धत सुरू केली. बागेतच प्रत्येक थप्पीच्या वरच्या क्रेटला काढणीच्या वेळेची चिठ्ठी खोचायची. पॅकहाऊसला माल उतरला की मी ती वेळ आधी बघतो, मग मण्यात तापमापीची सुई घालतो. दुपारनंतर निघालेला माल वेगळा ठेवतो आणि लांबच्या बाजारासाठी भरत नाही.

पण हे चिठ्ठीत लिहावं का? छोटी गोष्ट आहे. मला वाटलं तिथे पदवी, प्रमाणपत्र असं काही हवं.

रानवारा

हीच तुमची चिठ्ठी आहे. पदवी अर्जात आहे, ती मॅडमना तिथे मिळेल. त्यांनी ज्या अडचणीवर लिहिलं त्याच अडचणीवर तुम्ही बागेत उभं राहून काहीतरी केलंय, हे तुमच्या अर्जात कुठेच नसणार.

आता तुमची मूळ चिठ्ठी पुन्हा वाचा. "योगदान देण्यास उत्सुक", "नामांकित संस्था", "आपणास नक्कीच फायदा होईल". पॅकहाऊसच्या फाटकावर त्या मॅडम समोर भेटल्या असत्या तर यातलं एक तरी वाक्य तुमच्या तोंडातून निघालं असतं का? तुम्ही म्हणाला असता, "मॅडम, ती देठाची पोस्ट वाचली, आमच्याकडे पण झालं होतं." तेच लिहा. "आपण" काढून "तुम्ही" केलंत तरी अर्धा ताठरपणा जाईल. मॅडम स्वतः पोस्टमध्ये कसं लिहितात ते बघा आणि त्याच्या आसपास राहा.

गोदाकाठ

लिहिलं, पण पेटी लाल झाली. एवढं थोडं लिहूनसुद्धा मर्यादा ओलांडते. इंग्रजीत दोनशे अक्षरांत बरंच बसतं, मराठीत का बसत नाही?

कानामात्रा

मी छपाईच्या कामात आहे, हे मला माहीत आहे. आपण "द्राक्ष" मोजताना दोन अक्षरं धरतो. पेटी मात्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण असं सगळं सुटं धरते. "द्राक्ष" म्हणजे द, पाय मोडल्याची खूण, र, काना, क, परत पाय मोडल्याची खूण, ष. झाले सात. "क्रेट" पाच होतात. म्हणून मराठीत दोनशे म्हणजे साधारण तीस शब्द धरून चाला. जोडाक्षरांचे शब्द महाग पडतात. "प्रभावित" आठ जागा खातो, "नामांकित"ही आठ, आणि दोन्ही काही सांगत नाहीत. "देठ" तीनच जागांत बसतो.

आधी फोनच्या नोंदवहीत लिहा, मग पेटीत चिकटवा.

परदेशी_पाऊस

मी दुबईत फळांच्या घाऊक बाजारात आहे, नाशिकचा माल इथे येतो. माझ्या मते इंग्रजीत लिहा. निर्यातीच्या धंद्यात रोजचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो, आणि मराठी चिठ्ठीवरून मॅडमना वाटेल की याला परदेशी ग्राहकाशी बोलता येणार नाही. जागाही जास्त मिळेल.

रानवारा

जागेचा मुद्दा मान्य. पण मॅडम मराठीत पोस्ट टाकतात, आणि गोदाकाठ यांनी ती पोस्ट मराठीतच वाचली. मराठीला मराठीत उत्तर देण्यात मला वावगं दिसत नाही. इंग्रजी येतं की नाही ते अर्जावरून कळेल.

परदेशी_पाऊस

तुमच्या कारखान्यात चालत असेल. मी माणूस घेताना इंग्रजी चिठ्ठीच आधी उघडीन. ज्याला त्याला आपापला अनुभव.

गोदाकाठ

मराठीतच ठेवतो, इंग्रजीत लिहिलं की मी परत त्याच ठरीव वाक्यांकडे जातो. हा दुसरा खर्डा, १९३ भरतो:

> नमस्कार मॅडम. क्रेट उन्हात राहिल्याने देठ सुकल्याची तुमची पोस्ट वाचली. मागच्या वर्षी आमचा माल यातच नाकारला गेला. तेव्हापासून मी क्रेटवर काढणीची वेळ लिहून घेतो. तुमच्याकडच्या पदासाठी अर्ज केलाय.

सुगीचे_दिवस

हे वाचून मला माझ्या चिठ्ठ्या आठवल्या. यात कौतुकाचा एक शब्द नाही, तरी पोस्ट वाचल्याचं कळतं. माझी सूचना मागे घेतो.

जुना_हिशोब

थांबा, पाठवू नका. भाषा चांगली आहे, पण "आमचा माल नाकारला गेला" हे वाक्य काढा. तुम्ही अजून त्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला आहात आणि ते नाव तुमच्या नावाखालीच दिसतंय. मॅडम त्याच धंद्यातल्या, त्याच तालुक्यांतून माल उचलणाऱ्या. म्हणजे तुम्ही तुमच्या मालकाचा माल नाकारला गेल्याची बातमी स्पर्धकाला लेखी देताय. ग्राहक कोण, प्लॉट कोणता हे तुम्ही लिहिलं नसलं तरी हंगाम कळला की जाणकाराला अंदाज येतो. मी हिशेबनीस आहे. माणसं नोकरी बदलताना अशा ओळींनी अडचणीत आलेली पाहिली आहेत. आणि समोरच्याला असंही वाटू शकतं की उद्या हा आमचंही बाहेर सांगेल.

रानवारा

हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. जुना हिशोब पूर्ण बरोबर आहेत. नुकसान मालकाचं आहे, ते सांगायचा हक्क तुमचा नाही. त्यातून तुम्ही बसवलेली पद्धत मात्र तुमची, ती सांगा. मुलाखतीत विचारलं तर "एका हंगामात देठाचा त्रास झाला, तेव्हा हे सुरू केलं" एवढं पुरे.

दुसरं, "तुमच्याकडच्या पदासाठी" बदला. हंगाम तोंडावर आला की एकाच वेळी चार-पाच जागा निघतात. मॅडमना अर्जांच्या ढिगात तुमचं नाव शोधायचं असेल तर पद कळायला हवं. जाहिरातीत जसं छापलंय तसंच लिहा.

गोदाकाठ

जुना हिशोब काका, तुमचे उपकार झाले. हे मला खरंच सुचलं नव्हतं. मी ते प्रामाणिकपणा म्हणून लिहीत होतो.

ते वाक्य काढल्यावर "तेव्हापासून" लोंबकळत राहिलं, तेही बदललं. मोकळी झालेली जागा दुपारच्या मालाला दिली. आता १९१:

> नमस्कार मॅडम. क्रेट उन्हात राहिल्याने देठ सुकल्याची तुमची पोस्ट वाचली. गेल्या हंगामापासून मी क्रेटवर काढणीची वेळ लिहून घेतो, दुपारनंतरचा माल वेगळा ठेवतो. गुणवत्ता निरीक्षक पदासाठी अर्ज केलाय.

"कृपया जोडून घ्यावे" कुठे घालू?

रानवारा

घालू नका. विनंती पाठवली म्हणजे तेच मागितलं. तिच्याशेजारी स्वीकारायचं बटण असतंच.

मला ही आवडली. "नमस्कार मॅडम" मी राहू देईन. चौदा जागा जातात, पण आपल्याकडे अनोळखी बाईंना थेट विषयावर आणणं उद्धट वाटतं. मात्र "आशा आहे आपण कुशल असाल" वगैरे त्यापुढे नको.

मोगरा

एक बाजू मांडू का? मी मनुष्यबळ विभागात आहे, आणि मला चिठ्ठीशिवाय आलेली विनंती जास्त बरी वाटते. चिठ्ठी आली की काहीतरी मागणी असणार असं आधीच वाटतं. कोरी विनंती आली तर मी खात्यावर जाऊन बघते आणि माणूस आमच्या क्षेत्रातला असला तर स्वीकारते. मग बोलणं नंतर होतं.

रानवारा

मोगरा, तुमच्याकडे माणसं जोडणं हा कामाचाच भाग आहे, म्हणून तुम्ही स्वीकारता. विभाग सांभाळणारा माणूस कोरी विनंती बघून "हा कोण" म्हणून पुढे जातो. निदान मी जाते. पण ठाम सांगता येणार नाही, माझ्याच कारखान्यातले उत्पादन प्रमुख तुमच्यासारखे वागतात. साचेबद्ध चिठ्ठी आणि कोरी विनंती यांतलं एक निवडायचं तर मीही कोरी निवडीन. गोदाकाठ यांच्याकडे सांगण्यासारखं आहे, म्हणून चिठ्ठी.

पाटपाणी

माझा प्रश्न थोडा वेगळा. मी एका कंपनीतल्या साहेबांना चुकून कोरी विनंती पाठवली. सुचवलेल्या माणसांच्या यादीतलं `Connect` दाबलं आणि ती तडक गेली, काही लिहायची संधीच मिळाली नाही. आता ती मागे घेऊन चिठ्ठीसह पाठवू का?

कानामात्रा

त्या यादीतून तसंच होतं. चिठ्ठी लिहायची तर आधी त्या माणसाच्या पानावर जायचं. पुष्कळ लिहिणाऱ्या लोकांच्या पानावर पुढे `Follow` असतं आणि `Connect` हे `More` खाली दडलेलं असतं. ते दाबल्यावर `Add a note` येतं. मागे घ्यायची असेल तर एक लक्षात ठेवा, मागे घेतल्यावर त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवडे थांबावं लागतं. जागा तोवर भरली जाणार असेल तर आहे तशी राहू द्या. आणि फुकटच्या खात्यावर महिन्याला चिठ्ठ्या मोजक्याच मिळतात, त्या जपून वापरा.

पाटपाणी

मुलाखती याच महिन्यात आहेत. राहू देतो.

गोदाकाठ

आज सकाळी पाठवली. पाठवण्याआधी बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता तुम्ही बोलल्यासारखं वाटतंय." स्वीकारलीच नाही तर आठवण करून देऊ का, आणि किती दिवसांनी?

सुगीचे_दिवस

तीन दिवसांनी त्यांच्या पोस्टवर जाऊन काहीतरी लिहा, नाव डोळ्यांसमोर राहतं.

रानवारा

काहीतरी नको. खरंच सांगण्यासारखं असेल त्या पोस्टवरच लिहा. एरवी थांबा. अर्ज आत आहे, चिठ्ठी पोचली आहे.

गोदाकाठ

पाच दिवसांनी लिहितोय. काल रात्री मॅडमनी विनंती स्वीकारली. माझी चिठ्ठी आता संदेशांच्या खिडकीत पहिल्या जागी दिसते आणि तिच्याखाली त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: "वेळ कोण लिहितं, मजूर की मुकादम? आमच्याकडे चिठ्ठ्या कोऱ्याच येतात."

अर्जाबद्दल त्यात काही नाही. मी उत्तराचा खर्डा लिहिलाय, इथे मर्यादा नाही म्हणून लांबला होता, अर्धा कापला. आमच्याकडेही सुरुवातीला मुकादम संध्याकाळी बसून सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच वेळ टाकायचा. मग मी वेळ लिहिणं बंद केलं आणि तीन रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या. नऊच्या आत पांढरी, बारापर्यंत पिवळी, त्यानंतर लाल. पेन लागत नाही, मजूरच खोचतात. फक्त चिठ्ठीत मी "वेळ लिहून घेतो" असं म्हटलंय, ते आता रंगांचं झालंय. हे आधी स्पष्ट करू का?

रानवारा

पहिल्याच वाक्यात करा. "आधी वेळ लिहायचो, मुकादम एकच आकडा टाकायचा, म्हणून रंग केले." आणि अर्जाचा विषय त्या उत्तरात काढू नका, त्यांनी विचारलंय तेवढंच सांगा.

जुना_हिशोब

प्लॉटचं नाव मात्र घालू नका.

गोदाकाठ

नाही घातलं, काका. पाठवलं.